डाळिंबाच्या नव्या वाणाला नाव हवंय : साल फिकी, दाणा लालभडक

माणगंगाकाठ
मामांची सांगोल्याकडे चार एकर डाळिंब आहे. भगव्याच्या बागेला लागून असलेल्या बांधावर दहा-बारा वर्षांपूर्वी एक रोप आपसूक उगवलं, पडलेल्या फळाच्या बीचं असणार. मामांनी ते उपटलं नाही. फळ धरलं तेव्हा साल गणेशसारखी पिवळट-तांबूस निघाली, पण फोडलं तर दाणा भगव्याहून गडद आणि बी मऊ. मामांनी त्याच्या गुट्या बांधल्या, ती झाडं फळाला आल्यावर त्यांच्यावरून पुन्हा गुट्या घेतल्या. दोन्ही खेपेला दाणा तसाच उतरला. आता दीडशे झाडं आहेत.

अडचण अशी की बाजारात कॅरेट ठेवलं की साल बघून गणेशचा भाव बोलतात. एक फळ फोडून वर ठेवलं की भाव चढतो. पण पुढच्या आठवड्यात तोच व्यापारी पुन्हा सालीकडेच बघतो. लक्षात राहील असं नाव हवंय. घरात चार नावं निघाली: माणिक, लालदाणा, गुंज, डाळिंबराणी. तुमचं मत?

शब्दवेल्हाळ
गुंज! काय शब्द आहे. लहान, गोल, लाल, आणि सोन्याच्या वजनाची आठवण फुकट.

एक निरीक्षण. 'भगवा' हे नाव सालीचं आहे. 'मृदुला' हे बीच्या मऊपणाचं, म्हणजे दाताला कळणारं. 'आरक्ता' तर गमतीचं आहे. संस्कृतात रंगाच्या शब्दामागे 'आ' लागला की अर्थ सौम्य होतो, आरक्त म्हणजे किंचित लाल. त्या वाणाचा दाणा चांगला गडद असूनही नाव हे. म्हणजे अर्थ चुकला तरी नाव चालतं, कानाला बरं लागलं की झालं.

कोपऱ्यातला
आधी 'डाळिंब' की 'डाळींब' ते ठरवा. पाट्यांवर दोन्ही दिसतं.

माणगंगाकाठ
डाळिंब, ऱ्हस्व. पण प्रश्न वाणाच्या नावाचा आहे हो.

पट्टीवाला
सोलापूरच्या एका आडतीवर सात वर्षं लिहिणावळ केली, त्यावरून सांगतो.

डाळिंबराणी पहिल्यांदा काढा. निर्यातीच्या प्रतवारीत वजनावरून किंग, क्वीन, प्रिन्स म्हणतात. 400 ते 500 ग्रॅमचं फळ क्वीन. तुम्ही फोनवर 'राणी पाठवतोय' म्हणालात तर समोरचा वजन समजणार, वाण नाही. शिवाय त्यात ळ आहे. दिल्ली-कोलकात्याचा व्यापारी तो 'ल' करतो, मग त्याच्या वहीतलं नाव आणि तुमच्या कॅरेटवरचं नाव वेगळं.

लालदाणा आमच्या भागात शेंगदाणा वाटेल. उत्तरेकडच्याला 'दाणा' म्हटलं की अनारदाना आठवणार, म्हणजे आंबट, वाळवून विकायचा. केगावच्या संशोधन केंद्राचा 'सोलापूर अनारदाना' नावाचा वाणही आहे. तुमचा माल ताजा खायचा. गिऱ्हाईक उलट्या दाराने आत येईल.

आणि गुंज. शब्दवेल्हाळ, शब्द गोड आहे, मान्य. पण गर्दीच्या दिवशी दिवाणजी पट्टीवर पूर्ण नाव लिहीत नाही. भगव्याला 'भ', गणेशला 'ग'. गुंजेलाही 'ग'च लिहिणार. एका बागायतदाराच्या मालाला असंच पहिल्या अक्षराने झालं होतं, पट्टी हातात आली तेव्हा दर दुसऱ्याच वाणाचा. भांडून काय उपयोग, माल तर गाडीत गेला. तुमचा माल दिसायलाही गणेशसारखाच आहे, मग तर संपलंच.

शब्दवेल्हाळ
एका अक्षरासाठी शब्द मारायचा? 'गुं' लिहायला सांगा की त्यांना.

पट्टीवाला
पहाटे लिलाव चालू असताना येऊन सांगा.

द्राक्षवाला
आमच्या नान्नजची रीत धरा. 'सोनाका' म्हणजे सोलापूर, नान्नज, काळे. तिन्हीची पहिली अक्षरं. अर्थ कुणाला ठाऊक नसतो, पण द्राक्ष सगळ्यांना ठाऊक. मीही माझ्या बागेतल्या एका वेलीला सासरे, गाव आणि मी अशी अक्षरं जोडून नाव दिलं होतं. बायको म्हणाली, हे तर औषधाचं नाव वाटतंय. वेल पुढे गेली नाही, तो भाग निराळा.

बागुलवाडी
एवढा काथ्याकूट कशाला? 'भगवा' हा चालता शब्द आहे, त्याला चिकटून 'भगवा गाभा' करा आणि लगेच ट्रेडमार्क घ्या. दुसऱ्या कुणाला वापरताच येणार नाही.

रोपवाटिका
यातलं निम्मं बरोबर. ट्रेडमार्क घ्या, पण वाणाच्या नावाचा नाही. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात कलम 17 आहे. नोंदलेल्या वाणाचं जे नाव, तेच ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही. कारण संरक्षणाची मुदत संपल्यावर, झाडांना ती 18 वर्षं आहे, रोप विकणाऱ्या प्रत्येकाला तेच नाव वापरावं लागणार. तेव्हा दोन नावं ठरवा. एक रोपाचं, रोपाबरोबर कुणाकडेही जाणारं. दुसरं खोक्यावरचं, तुमच्या घरचं, त्याचा ट्रेडमार्क.

'भगवा गाभा' मात्र नको. ओळखीचा किंवा गुणाचा गैरसमज होईल असं नाव तिथे चालत नाही. तुमची साल भगवी नाही आणि गाभाही भगवा नाही. 'सांगोला' किंवा 'सोलापूर' घालण्याचा मोह होत असेल तर जपून, गावाचं नाव असलं की निबंधकाला ते प्रामाणिक वाटावं लागतं.

माणिकवर माझी शंका वेगळी. बेंगळुरूच्या संस्थेचा 'रूबी' नावाचा डाळिंबाचा वाण आहे. माणिक म्हणजे रूबीच की. अर्ज अडेल का ते सांगत नाही, पण व्यापारी हिंदी-इंग्रजी मिसळून बोलतो, त्याच्या डोक्यात दोन्ही एक होतील.

शब्दवेल्हाळ
म्हणजे चारही गेली. बाजार स्वतःच नाव देतो असं मला वाटू लागलंय. भगव्यालाच शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी अशी किती नावं फिरली. टिकलं ते भगवा.

माणगंगाकाठ
काल मामांना हे सगळं वाचून दाखवलं. ते हसले आणि त्यांनी मोबाइल दाखवला. मागच्या हस्त बहाराला इंदूरचा एक व्यापारी बागेत येऊन माल बघून गेला होता, त्याचा संदेश: 'वो मेड़वाला है क्या?' मेड़ म्हणजे बांध. मामांनी त्याला मूळ झाड दाखवताना 'बांधावरचं' म्हटलं होतं, तेवढं त्याला राहिलं. घरात मामीसुद्धा 'बांधाचं' असंच म्हणते, आम्ही ते नाव धरलंच नव्हतं.

पट्टीवाला
'बां' आणि 'भ' पट्टीवर चुकणार नाहीत. ळ नाही. पण आतल्या लाल दाण्याबद्दल हे नाव काही सांगत नाही.

शब्दवेल्हाळ
'बांधावरचा' म्हणा मग, भगव्यासारखा पुल्लिंगी. 'बांधावरचा काय भाव?' विचारता येतं.

माणगंगाकाठ
मामी म्हणते, डाळिंब नपुंसकलिंगी आहे, 'बांधावरचं'च बरं. पुढच्या शुक्रवारी दहा कॅरेटवर 'बांधावरचं' लिहून, वर एक फळ फोडून ठेवणार आहोत. दुसऱ्या दहांवर गुंज. पट्टीवर दिवाणजी काय लिहितो ते इथे टाकतो.