सिरियल नंबर बिलावर, वस्तू पाहून

«गिऱ्हाईक वॉरंटीसाठी पक्कं बिल घेऊन गेलं, तरी सर्व्हिस सेंटरने परत पाठवलं. असं का होतं?»

बिलावर सिरियल नंबर नसेल किंवा चुकीचा असेल, तर असं होतं. नुसतं ‘इयरबड्स १ नग’ लिहिलेल्या बिलावरून तोच नग विकला हे सिद्ध होत नाही.

माझ्या दुकानात गेल्या दिवाळीत एका ताईंचा ट्रिमर असाच परत आला. दाखवताना दोन खोके उघडले होते आणि ट्रिमर भलत्याच खोक्यात गेला. बिलावर खोक्याचा नंबर, वस्तूवर वेगळा. चूक आमची होती, म्हणून नवा ट्रिमर मी पदरचा दिला.

तेव्हापासून नंबर वस्तूवरूनच वाचतो, खोक्याशी जुळवतो, मग बिलात चढवतो. बिल आणि नंबर एकाच फोटोत घेऊन गिऱ्हाईकाला व्हॉट्सॲप करतो, कारण थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते.

सेंटरला पाठवण्याआधी ते चालू आहे का, हे फोन करून विचारा. जॉबशीट, म्हणजे वस्तू जमा केल्याची सेंटरची पावती, घेतल्याशिवाय वस्तू सोडू नका, असं गिऱ्हाईकाला बजावा. बदलून नवा नग मिळाला तर त्याचा नंबर जुन्या नोंदीसमोर लिहा. वॉरंटी बहुधा मूळ खरेदीच्या तारखेपासूनच मोजतात.