मदत हवी आहे: रिग्रेशन टेबलच्या फोटोतून आकडे वेगळे करताना कॉलम सरकतात

नागपुरात पीएचडी करतोय, विषय विदर्भातला कापूस. जुन्या प्रबंधांतल्या 14 टेबलांचे फक्त स्कॅन मिळालेत, मूळ डेटा नाही. प्रत्येक आकड्यासाठी अंदाज, प्रमाण त्रुटी आणि तारे असे तीन वेगळे कॉलम हवेत. प्रमाण त्रुटी अंदाजाच्या खालच्या ओळीत कंसात आहे.

स्कॅन 300 डीपीआयला मोठे करून हे चालवलं:

```
tesseract table.png out --psm 6 tsv
```

ताऱ्यांचं निभावलं. `0.042***` चं कधी `0.042"*` होतं, पण खाली `(0.011)` असल्यावर भागाकार 3.8 येतो, म्हणजे तीनच तारे. दशांश बिंदू गळाला तरी हा भागाकार लगेच बोंबलतो. उणे चिन्ह गळालं तर मात्र कळत नाही, ते डोळ्यांनीच तपासतोय.

खरा घोळ रिकाम्या चौकटींचा. सिंचन हा घटक मॉडेल 2 मध्ये नाही, तर मॉडेल 3 चा आकडा गुपचूप दुसऱ्या कॉलममध्ये बसतो. म्हणून टीएसव्हीतल्या `left` वरून कॉलम ठरवायला गेलो, तर उणे चिन्हामुळे डावी कड हलते. उजवी ताऱ्यांमुळे हलते, आणि मध्यबिंदू दोन्हींमुळे. छापताना आकडे दशांश बिंदूवर जुळवलेले दिसतात, पण टीएसव्हीत चौकट अख्ख्या शब्दाची मिळते.

टेबलात उभ्या रेषा नाहीत. हाताने टायपिंग शेवटचा उपाय, पैसे भरायचं सॉफ्टवेअर नको. पायथन जमतं.

कंसातल्या आकड्यांना उणे नसतं नि तारेही नसतात, तर त्यांच्याच चौकटींवरून कॉलमच्या सीमा ठरवणं भरवशाचं आहे का, की `makebox` ने प्रत्येक दशांश बिंदूची जागा काढावी?