'बस आलं' हे कन्नडचं वळण

> 'अडीच वर्षांची नात आईशी कन्नड, आमच्याशी मराठी बोलते. "बस आलं", "गाडी गेलं" म्हणते. भाषांची खिचडी झाली का?'

नाही, खिचडी नाही. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगीच, म्हणून 'बस बंतु', म्हणजे शब्दशः 'बस आलं'. ते वळण मराठीत आलंय. पण क्रियापद आणि प्रत्यय अस्सल मराठी आहेत, म्हणजे दोन्ही व्याकरणं वेगळी उभी आहेत.

फक्त मराठी ऐकणारी मुलंही या वयात लिंग चुकवतात. म्हणून चूक कोणत्या दिशेने होते ते बघा: 'दरवाजा', 'गाडी' सगळ्यांना '-लं' लागतं, पण 'पाणी आली' कधीच येत नसेल, तर कन्नडचा प्रभाव संभवतो. ती दिवसभर आईजवळ असेल तर कन्नड वरचढ असणार. तिची लांब वाक्यं कुठल्या भाषेत येतात ते ऐका.

'मी आलो' म्हणाली तर मात्र कन्नडला दोष नको, कोल्हापुरात बायका तसंच बोलतात!