बाथरूमला अर्धा इंची लाईन की पाऊण इंची? दोन दिवसांत ठरवायचं आहे

साताराकर_घरकाम:
वरच्या मजल्यावरचं बाथरूम नव्याने करतोय. एका शॉवरला डायव्हर्टर, एक बेसिन, कमोडची फ्लश टाकी, त्याच्याशेजारी जेट स्प्रे, बादलीचा नळ आणि १५ लिटरचा गीझर. पाईप सीपीव्हीसी. गच्चीवरची टाकी ४ फुटांच्या स्टँडवर आहे. टाकीतून एक इंची लाईन खाली येते. तिच्यापासून बाथरूमपर्यंत आणि आत फिरून शॉवरपर्यंत साधारण ३० फूट लांबी होते. प्लंबर म्हणतात, "नळ सगळे अर्धा इंचीच, मग लाईन पाऊण इंची कशाला?" भिंतीत झिऱ्या मारून झाल्यात. पंप बसवायचा नाही. काय करू?

मधुरा_टी:
पाऊण इंचीच टाका. पाईप मोठा असला की प्रेशर वाढतं. आमच्याकडे फरक लगेच कळला.

नळदुरुस्ती_काका:
मधुराताई, सल्ला बरोबर आहे, कारण तेवढं बरोबर नाही. प्रेशर ठरतं टाकीच्या उंचीवर. पाईप मोठा केला म्हणून ते वाढत नाही, वाटेत कमी वाया जातं. म्हणून एकच नळ उघडला तर दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. दोन एकदम उघडले की कळतो.

साताराकर, तुमचंच गणित मांडतो. शॉवर जमिनीपासून ७ फुटांवर आणि स्लॅब १० फुटांवर धरला, तर शॉवरपासून टाकीच्या तळापर्यंत स्लॅबच्या जाडीसकट साडेसात फूट मिळतात. एल्बो आणि टी धरून ३० फुटांचे ४० समजा. अर्धा इंची सीपीव्हीसीची आतली पोकळी साधारण १२.४ मिमी, पाऊण इंचीची १८ च्या आसपास. एकटा शॉवर मिनिटाला ६ लिटर घेत असेल, तर अर्धा इंचीत ३ फूट उंची घर्षणात जाते. ते चालतं. आता कोणी फ्लश केला, टाकी भरायला लागली आणि पाणी मिनिटाला १२ लिटर वाहायचं असेल, तर नुसत्या पाईपलाच साडेदहा फूट लागतील. तुमच्याकडे आहेत साडेसात. म्हणजे १२ लिटर येणारच नाहीत आणि शॉवरची धार बसेल. पाऊण इंचीत याच पाण्याला पावणेदोन फूट पुरतात.

म्हणून बाथरूमच्या आत फिरणारी गार पाण्याची मुख्य लाईन पाऊण इंची ठेवा. तिच्यावर रेड्यूसर टी घेऊन शेवटचा दोन-तीन फुटांचा तुकडा अर्धा इंची करा. नळाचं तोंड अर्धा इंचीच असतं, तिथे प्लंबरचं खरं आहे. पण तेवढ्या तुकड्यातून एकाच नळाचं पाणी जातं, लाईनमधून सगळ्यांचं.

ठाणेकर_फ्लॅट:
आम्ही सातव्या मजल्यावर, इमारत बारा मजली. सगळीकडे अर्धा इंची आहे आणि काही अडचण नाही. उगाच खर्च वाढवू नका.

नळदुरुस्ती_काका:
तुमच्या टाकीपर्यंत पाच मजल्यांची उंची आहे, म्हणजे ५० फूट. त्यातले दहा फूट गेले तरी कळणार नाही. टाकीच्या अगदी खालच्या मजल्यालाच ही मारामारी असते.

सुनीता_राजे:
कमोडला तर चार इंची लागतो ना? अर्ध्या इंचीत कसं जाईल?

मधुरा_टी:
सुनीता, तो खालचा, मैला वाहून नेणारा पाईप. इथे फ्लश टाकी भरणाऱ्या पाण्याची गोष्ट चाललीय.

साताराकर_घरकाम:
काका, खूप आभार. मग गीझरपासून गरम पाण्याची लाईनही पाऊण इंची करू का? गीझर शॉवरच्या मागच्या भिंतीवर आहे, लाईन सहा-सात फुटांचीच होईल. बेसिनला मात्र अजून दहा फूट जावं लागेल.

नळदुरुस्ती_काका:
मी अर्धा इंचीच ठेवेन. पाऊण इंचीत मीटरभर लांबीला पाव लिटर पाणी साचतं, अर्धा इंचीत त्याच्या निम्म्याहून कमी. बेसिनला गरम पाणी यायच्या आधी ते सगळं गार पाणी सोडून द्यावं लागतं. गीझरची तोंडंही अर्धा इंचीच असतात. मात्र गीझरकडे जाणारी गार लाईन पाऊण इंचीवरूनच घ्या.

इंजिनिअर_गोवा:
इथे माझं मत वेगळं. टाकीवरच्या लाईनमध्ये गरम बाजू आधीच कमजोर असते, पाणी गीझरमधून फिरून येतं. गार पाऊण आणि गरम अर्धा ठेवलं, तर डायव्हर्टरमध्ये गार बाजू जोर करते आणि शॉवरचं पाणी कोमट होतं. शॉवरपर्यंत पाऊण, तिथून बेसिनला अर्धा, असं मी करेन.

नळदुरुस्ती_काका:
सात फुटांत तेवढा फरक पडेल असं मला वाटत नाही. पंधरा-वीस फूट असती तर मानलं असतं.

साताराकर_घरकाम:
गरमचं उद्या प्लंबरशी बोलतो. एक शंका, टाइल्स लावण्याआधी तपासायचं कसं?

नळदुरुस्ती_काका:
गच्चीवरची टाकी अर्धी रिकामी असताना बघा. शॉवरच्या जागी तात्पुरता नळ लावून १० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा. मग कमोडचा अँगल कॉक उघडा ठेवून पुन्हा मोजा. एकटाच हळू भरत असेल, तर टाकीची उंची किंवा वरचा वॉल्व्ह बघा. एकटा बरा आणि दोघं मिळून वेळ दुपटीच्या आसपास गेला, तर समाईक लाईन अरुंद आहे. ते भिंत उघडी असेपर्यंतच सुधारता येतं.

इंजिनिअर_गोवा:
आणि वरचा बॉल व्हॉल्व्ह एक इंची पूर्ण भोकाचा आहे ना, तेही बघा. काहींचं भोक आतून बरंच लहान असतं.