झालेली कामं: डिलीट करायची की आर्काइव्ह?

सेक्रेटरी (302): सगळ्यांना नमस्कार. सोसायटीच्या तक्रारी आपण ज्या ट्रेलो बोर्डावर कार्डं करून लिहितो, तिथल्या ‘झालं’ या यादीत इतकी कार्डं साठलीत की नवीन तक्रार नजरेतून सुटायला लागलीय. रविवारी बसून जुनी सगळी डिलीट करतो. कुणाचं काही असेल तर आजच सांगा.

नाना (402): अण्णा, थांबा की जरा. गच्चीचं कार्डपण जाणार काय त्यात? परवाच्या पावसात माझ्या बेडरूमच्या छताला परत ओल आलीय.

सेक्रेटरी (302): नाना, ते काम मे 2022 मध्येच झालंय की ओ. ठेकेदाराचे पैसे दिले, कार्ड बंद केलं. आता नवीन तक्रार म्हणून नवीन कार्ड करूया.

204: अण्णा, नवीन कार्ड जरूर करा, पण जुन्याला हात लावू नका. मी ते आत्ताच उघडून बघितलं. ठेकेदाराचं गॅरंटीचं पत्र त्यातच आहे, 7 वर्षांचं, म्हणजे मे 2029 पर्यंतचं. कामाआधीचे फोटो आहेत. गच्चीचे पाइप बंद करून पाणी साठवून ठेवलं होतं, त्या चाचणीचे फोटो आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याने लिहून दिलंय की पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्याखालचा भाग या कामात धरलेला नाही. उद्या तो आला की पहिलं हेच म्हणणार, “ही गळती टाकीखालची, माझी नव्हे.” नाना, तुमची बेडरूम जिन्याच्या बाजूला ना? तो भाग पत्रात धरलेला आहे. हे कार्ड गेलं तर त्याच्यापुढे ठेवायला आपल्याकडे काहीच उरत नाही.

नाना (402): हो, जिन्याच्याच बाजूला. बरं झालं बघितलात.

सेक्रेटरी (302): पण वहिनी, मग यादी अशीच वाढत जायची का? बोर्ड उघडलं की डोकं फिरतंय.

204: तुमची अडचण खरी आहे, पण त्यासाठी डिलीट लागत नाही. कार्ड आर्काइव्ह केलं की यादीतून जातं, आत मात्र सगळं जसंच्या तसं राहतं आणि हवं तेव्हा परत बोर्डावर आणता येतं. डिलीट केलेलं कार्ड ट्रेलोमध्ये परत येत नाही. त्यातल्या कमेंट जातात, अपलोड केलेले फोटो जातात. बोर्डाच्या नोंदीत ‘अमक्याने अमुक नंबरचं कार्ड डिलीट केलं’ एवढंच उरतं.

अक्का (101, खजिनदार): आर्काइव्ह केलेलं नंतर सापडतंय का पण? आमच्याकडे कुणी मराठीत लिहितंय, वॉचमन कन्नडात, वरच्या मजल्यावरची मुलं इंग्रजीत.

204: अक्का, बेळगावात हा प्रश्न येणारच. ‘गळती’ म्हणून शोधलं तर मराठीतलीच कार्डं येतील, वॉचमनचं येणार नाही. म्हणून नावाच्या सुरुवातीला फ्लॅट नंबर आणि वर्ष आकड्यात लिहायचं. आकडे तिघेही सारखेच लिहितात. मग शोधाच्या चौकटीत हे टाइप केलं की 402 ची आर्काइव्हमधली कामं समोर येतात:

```
is:archived 402
```

नुसतं ‘लीकेज’ असं नाव असलेली बरीच कार्डं आहेत. आर्काइव्ह करण्याआधी त्यांची नावं सुधारावी लागतील, नाहीतर ती असून नसल्यासारखीच.

सेक्रेटरी (302): ठीक. मग काम झालं की लगेच आर्काइव्ह करू का?

204: बल्ब, नळ, कुलूप असली कामं महिनाभर यादीत ठेवून आर्काइव्ह करा. गळतीचं तसं नाही. आपण वॉटरप्रूफिंग मेमध्ये करतो, कारण गच्ची कोरडी लागते. ते टिकलं की नाही हे मात्र जून ते सप्टेंबरच्या पावसातच कळतं. पैसे दिले त्या दिवशी काम संपलं असं धरू नका. एक पावसाळा पूर्ण जाऊ दे, ज्याच्या घरात गळत होतं त्याने “कोरडं आहे” असं कार्डावर लिहू दे, मग ते बंद. म्हणजे बंद करायचं की नाही हे तक्रार करणाऱ्यानेच सांगायचं, कमिटीने नव्हे.

103: मला वाटतं किरकोळ कामं तरी पुसून टाकायला हरकत नाही. बल्ब बदलल्याची नोंद कोण बघणार?

204: एक वर्ष तरी ठेवूया. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातला बल्ब सारखा जातोय, हे जुनी कार्डं एकाखाली एक ठेवली की लगेच दिसतं. तिथे बल्बची चूक नाही, होल्डर किंवा वायरिंग तपासायला पाहिजे. कार्डं नसती तर प्रत्येक वेळी नवीन बल्ब आणून मोकळे झालो असतो. वर्षभरात तेच काम परत आलं नाही तर मग ते कार्ड पुसलं तरी चालेल.

अक्का (101, खजिनदार): आणि मोठ्या कामांचं किती वर्षं ठेवायचं?

204: काम झालेल्या तारखेवरून मोजू नका, गॅरंटी संपते त्या तारखेवरून मोजा. करार मोडल्याबद्दल दावा लावायला 1963 च्या मुदत कायद्यात साधारण 3 वर्षं मिळतात आणि ती करार मोडला तेव्हापासून धरतात. समजा ठेकेदाराने गॅरंटीच्या अगदी शेवटच्या आठवड्यात दुरुस्तीला नकार दिला, तर तिथून पुढे 3 वर्षं कागद लागणार. म्हणून गच्चीचं कार्ड मे 2032 पर्यंत तरी राहिलंच पाहिजे. ती तारीख कार्डाच्या शेवटच्या कमेंटमध्ये लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या कमिटीला कुणाला विचारत बसावं लागणार नाही. गॅरंटीचं मूळ पत्र मात्र अक्कांच्या फाइलमध्येच असू दे. फोटोही वेगळे उतरवून ठेवा, कारण बोर्डाची जेसन प्रत, म्हणजे सगळ्या नोंदींची एक फाइल, काढली तर तिच्यात फोटोंच्या लिंकच येतात, फोटो नव्हे.

सेक्रेटरी (302): डिलीटचं बटण फक्त माझ्याकडे ठेवता येईल का? म्हणजे चुकून कुणाकडून जायला नको.

204: आपल्या फुकटच्या प्लॅनमध्ये तसं अडवता येत नाही. बोर्डाचा साधा सदस्यसुद्धा कार्ड डिलीट करू शकतो. म्हणून बोर्डावर कमिटीचेच लोक ठेवा, बाकीच्यांनी तक्रार इथे ग्रुपवर टाकावी. आणि अण्णा, राग मानू नका, पण डिलीट एकट्या सेक्रेटरीच्या हातातही नको. आर्काइव्ह तुम्ही एकट्याने करा, चुकलं तर परत आणता येतं. जे परत येणार नाही ते कमिटीच्या बैठकीत यादी वाचून, इतिवृत्तात लिहून मगच पुसायचं. ज्याच्या घराचं काम आहे त्याला आधी कळवायचं.

सेक्रेटरी (302): राग कसला? उलट माझ्यावरचा भार कमी झाला.

103: एक विचारू? आमच्या कामवालीचं आधार कार्ड गेटच्या नोंदीसाठी कार्डावर टाकलेलं. तेपण वर्षानुवर्षं राहणार?

204: नाही, ते आजच काढा. पास तयार झाल्यावर त्या फोटोचं तिथे काही काम नाही, आणि आर्काइव्ह केलं तरी तो बोर्डावरच्या सगळ्यांना दिसत राहणार. अख्खं कार्ड पुसायची गरज नाही, फक्त जोडलेला फोटो डिलीट करा आणि ‘ओळख तपासली’ एवढं लिहा. याला बैठकीची वाट बघायची नाही. भाडेकरूंच्या कागदांचंही तेच.

अक्का (101, खजिनदार): भाडेकरूंचे फोटो मी आज संध्याकाळी काढते.

सेक्रेटरी (302): रविवारी मग डिलीट काही नाही. नावं सुधारतो आणि बल्ब-नळाची कार्डं आर्काइव्ह करतो. नाना, ठेकेदाराला उद्या फोन लावतोय.

नाना (402): लावा. पण तो म्हणेल नळाची पाइप गळते म्हणून.

204: नाना, पाऊस उघडला की चार-पाच दिवस ओलीवर लक्ष ठेवा. सुकत गेली तर पाणी बहुतेक गच्चीतून येतंय. पाऊस नसतानाही तेवढीच राहिली किंवा वाढली तर पाइप तपासायला लागेल. रोज एकाच जागेवरून फोटो काढा आणि जुन्याच कार्डावर टाका. मी ते आर्काइव्हमध्ये न टाकता बोर्डावर वर आणून ठेवलंय.