पगार स्लिप नाही. सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये बँक नक्की काय बघते?

शेडवाला_सातपूर: फॅब्रिकेशनचं काम आहे. गाळ्यासाठी 15 लाख हवेत, 15 वर्षांसाठी. हप्ता सोळा हजारांच्या आसपास बसेल, त्यावर झेपणार नाही. टेम्पोचा सहा हजारांचा हप्ता चालू आहे. खात्यात महिन्याला 1,80,000 जमा होतात. एवढं पुरेल ना?

विकास_पुणे: 15 लाखांत गाळा कुठे मिळतो? मी 40 लाख घेतले, बारा दिवसांत मंजूर. सीए चांगला धरा, बस्स.

माऊली७७: शिल्लक महत्त्वाची. अर्ज करण्याआधी भावाकडून तीन लाख आणून खात्यात ठेवा, काम फत्ते.

निवृत्त_क्रेडिट: माऊली, शिल्लक बघतात हे खरं, पण ती शेवटच्या दिवसाची नव्हे. आमच्याकडे दर महिन्याच्या 5, 10, 15, 20, 25 तारखेची आणि महिनाअखेरची शिल्लक घेऊन सरासरी काढायचे. अचानक आलेले तीन लाख लगेच डोळ्यात भरतात. ती रक्कम बाजूला काढतात आणि कुठून आली ते विचारतात.
शेडवाला, त्या सहा तारखांच्या शिलका टाका. 1,80,000 मध्ये घरातल्या खात्यांवरून आलेले किती, तेही सांगा.

शेडवाला_सातपूर: मागचा महिना: 42,000, 8,000, 5,000, 6,000, 11,000, 30,000. बायकोच्या खात्यातून 40,000 आले होते.

निवृत्त_क्रेडिट: म्हणजे धंद्याची जमा 1,40,000 धरतील. सरासरी शिल्लक 17,000. नवा-जुना हप्ता मिळून 22,000. बहुतेक जण सरासरी निदान हप्त्याइतकी तरी मागतात, काही दीडपट. तुमचे पैसे 5 तारखेला येतात आणि 10 पर्यंत पत्र्या-पाइपवाल्याकडे जातात, तिथेच सरासरी पडते. उधारीच्या तारखा थोड्या पुढे घेता येतील का बघा. जमेचा आकडा रिटर्न आणि जीएसटीशी जुळतो का, तेही ताडतात.

रेश्मा_कोल्हापूर: आमचा अर्ज एका चेकमुळे अडकला. गिऱ्हाइकाचाच चेक परत आला होता, तरी आम्हालाच ऐकवलं!

निवृत्त_क्रेडिट: ताई, गिऱ्हाइकाचा चेक परतला तर ती रक्कम जमेतून वजा होते, एवढंच व्हायला हवं. तुम्ही दिलेला चेक किंवा हप्ता शिल्लक नाही म्हणून परतला, तर मात्र जड जातं. सही जुळली नाही म्हणून परतला, तर तेवढं मनावर घेत नाहीत.

विकास_पुणे: म्हणूनच म्हटलं, सीए धरा.

सचिन_बीड: सोनं तारण ठेवा, स्टेटमेंटची कटकटच नाही.

शेडवाला_सातपूर: सोनं बायकोचं आहे, त्याला हात लावणार नाही. पत्नीला सहकर्जदार घेतलं तर तिच्या शिवणक्लासची जमा धरतात का?

निवृत्त_क्रेडिट: तिचं रिटर्न भरलेलं असेल तर धरू शकतात. प्रत्येक बँकेचं वेगळं. चार-सहा महिने शिल्लक टिकवून मगच अर्ज करा.

शेडवाला_सातपूर: पटतंय, पण गाळेवाला महिनाभरच थांबतोय. टेम्पोचं थोडं कर्ज उरलंय, ते फेडून टाकतो आणि 12 लाखांसाठी याच आठवड्यात अर्ज देतो.