वन-पर्सिस्टंटला शिव्या घालायच्या आधी आलेखाचा खालचा अक्ष बघा

विन्या_खानापूर: एकाच चॅनेलवर सगळ्यांनी बोलायचं तर तो मोकळा होईपर्यंत कान लावून बसायचं आणि मोकळा झाला की लगेच बोलायचं, हे वन-पर्सिस्टंट कोण वापरतं अजून? चॅनेल मोकळा झाला की सगळे एकदम तुटून पडणार, कोलिजन ठरलेलं. क्लाइनरॉक-टोबागीचा 1975 चा आलेख काढा, चॅनेलचा खरा उपयोग वन-पर्सिस्टंटमध्ये 0.53 ला गार, बिझी दिसलं की थोड्या वेळानं परत डोकावणारं नॉन-पर्सिस्टंट 0.815. विषय संपला.

रेडिओवाले_काका: कुठं संपला रे? ते 0.815 मिळतं कुठं, तर लोड, म्हणजे एका पॅकेटच्या वेळात होणारे सगळ्यांचे प्रयत्न, 9-10 च्या आसपास असताना. म्हणजे एक पॅकेट जायला सरासरी 11-12 वेळा डोकावायला लागतं, बहुतेक वेळा बिझी दिसतं आणि हा परत झोपायला जातो. हा झोपलेला असताना चॅनेल मोकळा होतो, पॅकेट हातात असून लाईन रिकामी पडलेली, ते दिसत नाही तुला आलेखात. लोड कमी असेल आणि एकटाच थांबलेला असेल तर वन-पर्सिस्टंटसारखं दुसरं काही नाही, मोकळं दिसलं की गेला, एक क्षण वाया नाही. दोघं थांबले की मात्र आपटले, ते खरंय तुझं, तेवढंच.

टिळकवाडी_स्नेहा: पहिल्या रेल्वे गेटचं फाटक उघडल्यावर काय होतं ते बघितलंय ना सगळ्यांनी, तेच वन-पर्सिस्टंट

निपाणीकर: फाटकाचं नाव काढू नका, काल अर्धा तास उभा होतो, दोन्ही बाजूचे दोन्ही लेन भरून उभे राहतात, त्यांना कोण सांगणार

विन्या_खानापूर: धाग्याचा विषय काय, चाललंय काय. काका, मग इथरनेट वन-पर्सिस्टंट असून चाललं कसं एवढी वर्षं?

रेडिओवाले_काका: आता बरोबर विचारलंस. त्याला धडक झाल्याचं लगेच कळतं. 10 एमबीपीएसच्या जुन्या इथरनेटवर धडक फार तर 51.2 मायक्रोसेकंदात पकडली जाते, आणि मोठी फ्रेम जायला 1.2 मिलिसेकंद लागतात. दोन-चार टक्के वेळ गेला, मग बॅकऑफ करून परत. तुझ्या त्या आलेखात धडक कळायची सोयच नाही, आख्खं पॅकेट बुडतं. आमच्या 1200 बॉडच्या पॅकेट रेडिओवर तसंच, आपलंच ट्रान्समिशन चालू असताना ऐकू काय येणार? दीड सेकंदाचं पॅकेट आपटलं तर दीड सेकंद गेला. म्हणून तिथं पी-पर्सिस्टंट, चॅनेल मोकळा दिसला तरी दर स्लॉटला पी एवढ्या शक्यतेनंच बोलायचं. रेडिओ मोडेमच्या KISS सेटिंगमध्ये `PERSIST` 63 म्हणजे पी पाव, स्लॉट 100 मिलिसेकंद.

निपाणीकर: म्हणजे पी जितका लहान तितकं चांगलं, एवढंच ना. आम्ही 0.01 ठेवतो आणि निवांत.

रेडिओवाले_काका: निवांतच बसाल. एकटे असाल तर पावावरच सरासरी 3 स्लॉट रिकामे जातात, 0.01 वर 99, जवळजवळ 10 सेकंद चॅनेल रिकामा आणि तुम्ही नाणं उडवत बसलेले. किती जण थांबतील त्यावर पी ठरतो, थांबलेले गुणिले पी एकच्या वर जाऊ द्यायचा नाही. चार जण, पी पाव धरा: एका स्लॉटमध्ये कुणीच बोलत नाही असं 32 टक्के, एकच बोलला आणि गेला 42 टक्के, आपटले 26 टक्के. तोच पी ठेवून दहा जण आणा, आपटायचं 76 टक्क्यांवर जातं.

टिळकवाडी_स्नेहा: आणि चौघांत एकानं `PERSIST` 255 ठेवला तर?

रेडिओवाले_काका: अरे बापरे, जखमेवर बोट ठेवलंस. आमच्या इथं एक महाशय तेच करायचे, "माझं पॅकेट आधी जातं" म्हणून मिरवायचे वर. 255 म्हणजे पी एक. तो पहिल्याच स्लॉटला बोलणार, बाकीचे तिघं गप्प राहिले तर गेला, ते 42 टक्के. 58 टक्के वेळा धडक. सगळे पाववर असते तर पहिल्या बोललेल्या स्लॉटला 62 टक्के पॅकेट सुखरूप जातात. म्हणजे ह्यानं चॅनेलचं वाटोळं केलं आणि जे गेलं ते सगळं ह्याचंच, आम्हाला ठेंगा.

पीजी_वाला_पोरगा: आमच्या पीजीत वायफाय रात्री दहानंतर मरतंय, राउटरमध्ये पी कुठं सेट करायचा?

निपाणीकर: वायफाय म्हणजे पी-पर्सिस्टंटच की.

रेडिओवाले_काका: पी नाही रे बाबा तिथं. 0 ते 15 मधला आकडा उचलायचा आणि तेवढे मोकळे स्लॉट मोजून मग बोलायचं, चॅनेल बिझी झाला की मोजणी तिथंच गोठते, मोकळा झाला की राहिलेलीच पुढं चालू. पी-पर्सिस्टंटमध्ये दर स्लॉटला नवीन नाणं, इथं जुनी वाट बघितलेली फुकट जात नाही. पीजीवाल्या, तुमची पोरं किती आणि राउटर एकच का, ते आधी बघ.

विन्या_खानापूर: बरं, मान्य, काका जिंकले, आलेखाचा फोटो फ्रेम करून लावतो. पण मी आणि दुसरा स्टेशनवाला डोंगराच्या दोन बाजूंना, एकमेकांना ऐकूच येत नाही, रिपीटरला दोघंही ऐकू येतात. तिथं तुमचा पाव काय कामाचा?

रेडिओवाले_काका: तिथं काहीच कामाचा नाही. दीड सेकंदाचं पॅकेट म्हणजे 15 स्लॉट, मध्ये दुसरा कधीही सुरू झाला तरी रिपीटरवर आपटणारच. त्यासाठी रिपीटरनंच बिझी टोन सोडायला हवा, तो खर्च कोण करणार?

निपाणीकर: ते फाटकाचं पण असंच आहे, खर्च कोण करणार